रेषेच्या एकाच बाजूला

उपाशीपोटी रक्तातली साखर १२३ आली तर डॉक्टर सांगतात, "काठावर आहात, गोड कमी करा, रोज चालायला लागा." १२७ आली तर तेच डॉक्टर मधुमेहाचं नाव घेतात. दोन्हींच्या मधली रेषा १२६ ची. १२३ आणि १२७ यांत अंतर चार मिलिग्रॅमचं, म्हणजे जेमतेम तीन टक्क्यांचं. ज्या मशीननं तुमचा आकडा दिला ते त्या आठवड्यात सगळ्यांचीच साखर तीन टक्के जास्त दाखवत असेल, तर ते कळणार कसं? तुमच्या रक्ताकडे बघून कळणार नाही, कारण तुमची खरी साखर किती हे कोणालाच माहीत नसतं. ती कळावी म्हणून तर तुम्ही उपाशी येऊन रक्त दिलेलं असतं.

म्हणून प्रत्येक नीट चालणाऱ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी पहिला नमुना रुग्णाचा नसतो, कंट्रोलचा असतो. कंट्रोल म्हणजे सीरम वाळवून केलेली भुकटी, छोट्या काचेच्या व्हायलमध्ये सीलबंद. त्यात ठरलेलं पाणी, बहुतेक वेळा ५ मिलिलिटर, अगदी मोजून घालायचं, न फेसाळता विरघळू द्यायचं आणि रुग्णाच्या नमुन्यासारखंच मशीनला लावायचं. याचं उत्तर साधारण किती यायला हवं हे लॅबला आधीपासून माहीत असतं. सहसा दोन पातळ्यांचे कंट्रोल वापरतात, एक निरोगी माणसाच्या साखरेजवळचा आणि एक बराच वरचा. आपल्या उदाहरणात पहिल्याची सरासरी ९० धरू आणि दुसऱ्याची २८०.

सरासरी म्हणायचं कारण, कंट्रोल रोज नेमका ९० येत नाही. आज ९१, उद्या ८९, परवा ९०. पिपेटमध्ये कणभर जास्त आलं, तापमान किंचित खाली गेलं, अशा बारीकसारीक कारणांनी आकडा हलतोच आणि त्यात काही चूक नाही. तो किती हलतो याचं माप म्हणजे प्रमाण विचलन. लॅबमध्ये सगळे त्याला एसडी म्हणतात. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या किमान वीस आकड्यांवरून लॅब आपली स्वतःची सरासरी आणि स्वतःची एसडी काढते. आपल्या उदाहरणात पहिल्या कंट्रोलची एसडी २ आणि दुसऱ्याची ६ आहे असं समजू. मग आलेखाच्या कागदावर मधोमध ९० ची आडवी रेषा, तिच्या वर ९२, ९४, ९६ आणि खाली ८८, ८६, ८४ अशा रेषा मारायच्या. दुसऱ्या कंट्रोलच्या कागदावर मधली रेषा २८० ची, वर २८६, २९२, २९८ आणि खाली तितक्याच अंतरानं. रोज सकाळी दोन्हींवर एकेक ठिपका टाकायचा. झाला एलजे चार्ट.

एल म्हणजे लेव्ही, जे म्हणजे जेनिंग्ज. कल्पना मुळात कारखान्यातली. अमेरिकेत टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर शूहार्ट या संख्याशास्त्रज्ञानं १९२४ मध्ये असा पहिला आलेख काढून वरिष्ठांना दाखवला. १९४७ मध्ये बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या लॅबना एकसारखेच नमुने पाठवून पाहिलं, आणि आलेल्या उत्तरांमधली तफावत इतकी मोठी होती की लॅबच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न उघडच पडला. त्यानंतर १९५० मध्ये स्टॅन्ली लेव्ही आणि एल्मर जेनिंग्ज यांनी शूहार्टचा आलेख लॅबमध्ये आणला. आज मशीनचं सॉफ्टवेअर तो आपोआप काढतं. तरी तो वाचायचा मात्र माणसालाच असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

सगळ्यात रूढ आणि माझ्या मते सगळ्यात नुकसान करणारी सवय म्हणजे दोन एसडीच्या आत आला की ठीक, बाहेर गेला की चूक, एवढाच हिशेब ठेवणं. तो का चालत नाही ते पाहू. सगळं सुरळीत असतानाही निव्वळ योगायोगानं साधारण बावीस आकड्यांतला एक दोन एसडीच्या बाहेर पडतो. रोज दोन कंट्रोल लावले तर अकरा सकाळींत एकदा तरी काहीही बिघडलेलं नसताना घंटा वाजणार, म्हणजे महिन्यातून दोन-तीन वेळा. सकाळी आठ वाजता बाहेर उपाशी रुग्णांची रांग लागलेली असताना टेक्निशियन काय करेल? कंट्रोल पुन्हा लावेल. पुन्हा लावल्यावर तो बहुतेक वेळा आत येतोच, कारण पहिल्या वेळी काही बिघडलेलंच नव्हतं. असं महिनोन्‌महिने झालं की 'कंट्रोल आउट गेला की रिपीट कर' हाच लॅबचा नियम होऊन बसतो. मग ज्या दिवशी खरंच काही बिघडतं, त्या दिवशीही रिपीटच केलं जातं, आणि तिसऱ्या प्रयत्नात कधीतरी आकडा आत आला की रिपोर्ट सुटतात.

बरं, घंटेचा त्रास नको म्हणून मर्यादा तीन एसडीवर नेली तर? खोट्या घंटा जवळपास थांबतात, कारण योगायोगानं तीन एसडीच्या बाहेर जाणारा आकडा साधारण तीनशे सत्तरात एक. पण आपली ती तीन टक्क्यांची चूक या जाळ्यातून आरामात निसटते. कशी, ते एका महिन्याच्या आलेखावर पाहू.

गावातली मध्यम लॅब समजा. साखर गॉड-पॉड पद्धतीनं, सेमी-ऑटो मशीनवर. या पद्धतीत नमुन्यातल्या ग्लुकोजवर एक एन्झाइम काम करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि दुसरं एन्झाइम त्याच्या मदतीनं गुलाबी रंग तयार करतं. साखर जितकी जास्त, तितका रंग गडद. मशीन त्या रंगातून ५०५ नॅनोमीटरचा हिरवट प्रकाश सोडतं आणि किती शोषला गेला ते मोजतं. या शोषणाचं मिलिग्रॅममध्ये रूपांतर करायला एक गुणक लागतो, त्याला फॅक्टर म्हणतात. तो काढायला १०० मिलिग्रॅमचं स्टँडर्ड लावायचं. त्याचं शोषण ०.३०० आलं तर फॅक्टर १०० भागिले ०.३००, म्हणजे ३३३. हा आकडा मशीनमध्ये साठवून ठेवला की पुढच्या प्रत्येक नमुन्याचं शोषण त्याने गुणलं जातं.

महिन्याचे पहिले अकरा दिवस पहिला कंट्रोल असा आला: ९१, ८९, ९०, ८८, ९२, ९०, ८९, ९१, ९१, ८८, ९०. कधी रेषेच्या वर, कधी खाली, कधी रेषेवर. निरोगी आलेख असाच कंटाळवाणा दिसतो. बाराव्या दिवशी जुनं रिएजंट संपलं आणि नव्या लॉटचा किट उघडला. नव्या रिएजंटचा रंग किंचित गडद येतो, त्याच स्टँडर्डचं शोषण आता ०.३१० आहे. खरं तर फॅक्टर ३२३ व्हायला हवा होता. घाईत स्टँडर्ड लावायचं राहिलं आणि मशीन ०.३१० ला जुन्या ३३३ नं गुणू लागलं. १०० चे १०३ झाले. आता प्रत्येक रुग्णाच्या साखरेत तीन टक्क्यांहून थोडी जास्त भर पडते आहे.

बाराव्या दिवशी पहिला कंट्रोल ९३ आला आणि दुसरा २८९. दोन एसडीच्या रेषा ९४ आणि २९२, दोन्ही आकडे आत. तेराव्या दिवशी ९३ आणि २८८. तेही आत. 'दोन एसडीच्या आत म्हणजे ठीक' मानणाऱ्या लॅबमध्ये या दोन्ही दिवशी एकही शंका निघणार नाही आणि १२३ चा रुग्ण १२७ घेऊन घरी जाईल. तीन एसडीची घंटा तर अजून दूर आहे. या आकाराच्या सरकण्यात पंधरा आकड्यांतला जेमतेम एक तिथवर पोचतो. रोज दोन कंट्रोल धरले तर सरासरी आठवडाभर कळणारच नाही.

पण ठिपके एकत्र बघा. ९३, २८९, ९३, २८८. चारही आकडे आपापल्या सरासरीच्या एकाच बाजूला, आणि चारही एक एसडीच्या पलीकडे. एखादा ठिपका एक एसडीच्या वर जाणं अगदी साधी गोष्ट आहे. लागोपाठ चार एकाच बाजूला जाणं साधं नाही. मशीनच्या स्क्रीनवर ही खूण 4-1s अशी दिसते. दोन्ही कंट्रोलचे ठिपके एका ओळीत धरून वाचले तर ती दुसऱ्याच सकाळी सापडली. प्रत्येक कागद वेगवेगळा वाचला असता तर चौथा दिवस उजाडला असता. प्रत्यक्षात ती दरवेळी इतक्या लवकर लागत नाही. एखाद्या दिवशी ठिपका ९१ वर उतरतो, साखळी तुटते, पुन्हा मोजायला सुरुवात करावी लागते. तरी तीन एसडीची वाट बघत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर.

तिचीच बहीण म्हणजे 10x. लागोपाठ दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला आले, मग ते रेषेला चिकटून का असेनात, की सरासरी हलली असं समजायचं. नाणं दहा वेळा उडवून दहाही वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता पाचशे बारात एक, तीच इथे. आणखी एक खूण 2-2s. लागोपाठ दोन आकडे एकाच बाजूला दोन एसडीच्या बाहेर. ही मोठं सरकणं लगेच पकडते. या सगळ्या खुणा एकत्र बांधून वापरायची पद्धत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स वेस्टगार्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८१ मध्ये मांडली. लॅबमध्ये तिला वेस्टगार्ड रूल्स म्हणतात. त्यातली मोलाची गोष्ट मला वाटते ती अशी की दोन एसडीच्या रेषेला त्यांनी निकालाची रेषा ठेवलं नाही, इशाऱ्याची केलं. ठिपका तिच्या बाहेर गेला की मशीन थांबवायचं नाही, मागचे ठिपके वाचायला घ्यायचे. त्यांच्यात काही सापडलं तर थांबायचं, नाही तर काम पुढे चालू.

आता चौदाव्या दिवशीचा टेक्निशियन काय करेल ते पाहू, कारण खूण सापडणं हे अर्धंच काम. आकड्यांना विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे दोन्ही कंट्रोल किती मिलिग्रॅमनं वर गेले आणि किती टक्क्यांनी. पहिला ९० वरून ९३, म्हणजे तीन मिलिग्रॅम. दुसरा २८० वरून २८९ च्या आसपास, म्हणजे आठ-नऊ मिलिग्रॅम. मिलिग्रॅम वेगळे, पण टक्के दोन्हीकडे सारखेच, साधारण तीन. म्हणजे सगळं कशानं तरी गुणलं जातंय, आणि गुणणारी गोष्ट फॅक्टर. दोन्ही कंट्रोल सारख्याच मिलिग्रॅमनं वर गेले असते, पाच आणि पाच, तर संशय ब्लँकवर गेला असता; रिएजंटचा स्वतःचा रंग नीट वजा होत नसेल तर प्रत्येक नमुन्यात सारखीच भर पडते.

दुसरा प्रश्न असा की फक्त साखर सरकली की त्याच व्हायलमधलं सगळंच? एका कंट्रोलच्या व्हायलमध्ये साखर, युरिया, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल असं बरंच काही असतं. व्हायल विरघळवताना ५ मिलिलिटरऐवजी ४.८ पाणी पडलं असेल तर ते सगळेच चार टक्के वर जातील. तसं दिसलं तर मशीनकडे जाऊच नये, नवी व्हायल काढावी. इथे युरिया आणि क्रिएटिनिन जागच्या जागी आहेत, साखर एकटीच हलली आहे. तिसरा प्रश्न म्हणजे हे कधीपासून? आलेखावर बोट मागे नेलं की ते बाराव्या दिवशी थांबतं, आणि वहीत त्या दिवशी लिहिलेलं असतं 'ग्लुकोज, नवा लॉट'. ही वही नीट ठेवलेली नसेल तर चार्ट निम्मा मुका होतो. कोणत्या दिवशी कोणती बाटली उघडली, दिवा कधी बदलला, कंट्रोलची व्हायल कधी विरघळवली, एवढ्या चार ओळी रोज लिहायला दोन मिनिटं लागतात.

स्टँडर्ड लावलं, फॅक्टर ३२३ झाला, दोन्ही कंट्रोल पुन्हा ९० आणि २८० च्या आसपास आले. इथे बऱ्याच लॅब सुटकेचा श्वास टाकतात, पण काम संपलेलं नसतं. बाराव्या आणि तेराव्या दिवशी गेलेल्या रिपोर्टांचं काय? त्या दोन दिवसांचे जपून ठेवलेले नमुने काढून, विशेषतः ज्यांचा आकडा १२६ च्या किंवा १०० च्या जवळ होता ते, पुन्हा लावायला हवेत आणि गरज पडेल तिथे सुधारित रिपोर्ट द्यायला हवा. मधुमेहाचं निदान एका आकड्यावर करू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावं असा डॉक्टरांचा दंडक आहे. पण सरकलेल्या मशीनवर दुसरी तपासणी केली तर तीच चूक पुन्हा येते. तेराव्या दिवशीचा आकडा बाराव्या दिवशीच्या आकड्याला दुजोरा देतो, आणि दोन्ही चुकीचे असतात.

हे झालं सरकणं, लॅबच्या भाषेत शिफ्ट. आकडे एका दिवसात नव्या जागी जातात आणि तिथेच राहतात. म्हणून कारणही एका दिवसातलंच शोधायचं: नवा लॉट, नवं कॅलिब्रेशन, नवा दिवा, सर्व्हिस इंजिनिअरची भेट. दुसरा प्रकार जास्त कावेबाज. त्यात आकडे एका दिशेनं हळूहळू घसरत किंवा चढत जातात. त्याला ट्रेंड म्हणतात, आणि त्याचं कारणही हळूहळू झिजणारं काहीतरी असतं.

त्याच लॅबचा पुढचा महिना घ्या. रिएजंटची बाटली रोज उघडली जाते, वापरून झाल्यावर कधी फ्रिजबाहेरच राहते. आतली एन्झाइम्स दमत जातात, दहा मिनिटांत व्हायला हवा तो रंग पुरा होत नाही, शोषण थोडं कमी भरतं. फॅक्टर साठवलेलाच आहे. पहिल्या आठवड्याची कंट्रोलची सरासरी ९०.२, दुसऱ्याची ८९.१, तिसऱ्याची ८८.०. रोजचे आकडे पाहिले तर ९१, ८८, ९०, ८७, ८९ असे खालीवर नाचताना दिसतात आणि त्या नाचात उतार दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यात ज्याची खरी साखर १२७ आहे त्याला १२४ चा रिपोर्ट मिळतो. या वेळी चूक उलट्या दिशेची: ज्याला मधुमेह आहे त्याला नाही असं सांगितलं जातं.

पुस्तकात ट्रेंडचा नियम दिलेला असतो, लागोपाठ सात ठिपके प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा खाली किंवा प्रत्येक वेळी वर. योगायोगानं असं होण्याची शक्यता अडीच हजारात एक, त्यामुळे तसं दिसलं तर ते खरंच समजावं. पण या नियमाच्या भरवशावर बसू नये. खरा उतार इतका शिस्तीत कधी उतरत नाही. मधे एक ठिपका वर उडाला की नियम गप्प बसतो. म्हणून दर आठवड्याला सरासरी काढून मागच्या आठवड्यांशेजारी लिहिणं मला या नियमापेक्षा भरवशाचं वाटतं. ९०.२, ८९.१, ८८.० हे तीन आकडे शेजारी लिहिले की उतार लपत नाही. उतार बराच खाली आला की शेवटी 10x ची खूण लागतेच, पण तोवर तीन आठवडे गेलेले असतात.

उतार दिसला की संशयित दोघे, रिएजंट आणि स्वतः कंट्रोल. विरघळवलेल्या व्हायलमध्ये जंतू शिरले तर ते साखर खातात आणि आकडा रोज थोडा घटतो. बिलिरुबिन तर उजेडात ठेवल्यानंच कमी होत जातं. अशा वेळी मशीनची काहीच चूक नसते, रुग्णांचे आकडेही बरोबर असतात. निवाडा सोपा आहे. ताजी व्हायल विरघळवून लावा. आकडा ९० वर परतला तर दोष जुन्या व्हायलचा. तो ८८ वरच राहिला तर नव्या रिएजंटवर लावा. फॅक्टर महिनाभर साठवून न ठेवता रोज सकाळी स्टँडर्ड लावणाऱ्या लॅबमध्ये हा विशिष्ट ट्रेंड उभाच राहत नाही, कारण रिएजंट जितकं मंदावतं तितका फॅक्टर रोज भरून काढतो. पैसे वाचवायला स्टँडर्ड टाळणं किती महाग पडतं ते यात दिसतं.

हे सगळे नियम कागदावर असूनही आलेख गप्प राहावा अशी व्यवस्था लॅब नकळत करून ठेवते. सगळ्यात नेहमीची म्हणजे कंट्रोलच्या डब्यातल्या पत्रकावरची रेंज तशीच उचलणं. कंपनीनं ती अनेक लॅब, अनेक मशीन धरून काढलेली असते, म्हणून ती रुंद असते. पत्रकावर ८० ते १०० छापलेलं असेल आणि तीच दोन एसडीची मर्यादा मानली, तर एसडी २ ऐवजी ५ होते. मग आपला ९३ चा ठिपका एक एसडीच्याही आत बसतो आणि 4-1s कधीच बोलणार नाही. आलेख देखणा दिसतो, सगळे ठिपके मधल्या रेषेला चिकटलेले. महिनाभर एकही ठिपका एक एसडीच्या बाहेर गेला नसेल तर कामाचं कौतुक करण्याआधी एसडी तपासावी. सगळं ठीक असतानाही तीनातला एक ठिपका एक एसडीच्या बाहेर पडायलाच हवा.

दुसरी व्यवस्था दर महिन्याला सरासरी नव्यानं काढण्याची. मागच्या महिन्याची सरासरी ८८ आली ना, मग मधली रेषा ८८ वर सरकवा, ठिपके पुन्हा छान मधोमध. उतार पुसला गेला आणि चूक अधिकृत झाली. कारण सापडल्याशिवाय मधली रेषा हलवायची नाही, हे लॅबप्रमुखानं स्वतः पाळावं आणि इतरांकडून पाळून घ्यावं.

एक प्रसंग मात्र असा येतो की आलेख ओरडतो आणि तरी चूक नसते. नवा लॉट आला, फॅक्टर नीट काढला, तरी कंट्रोल तीन टक्के वर. कंट्रोल हे प्रक्रिया केलेलं, वाळवलेलं, वर काही घालून टिकाऊ केलेलं सीरम असतं. एखाद्या रिएजंटशी ते ताज्या रक्तापेक्षा वेगळं वागू शकतं. म्हणून लॉट बदलताना जुन्या आणि नव्या रिएजंटवर रुग्णांचे काही नमुने शेजारीशेजारी लावावेत, काही कमी साखरेचे, काही जास्त. रुग्णांचे आकडे जुळले आणि कंट्रोल तेवढा हलला, तर कंट्रोलची सरासरी नव्यानं बसवणं योग्य. रुग्णांचेही हलले, तर कॅलिब्रेशनकडे जा. हा पडताळा केल्याशिवाय दोन्हींतलं काय खरं हे कोणीही सांगू शकत नाही.

आणि कंट्रोल जे पाहूच शकत नाही तेही ध्यानात असू द्या. रक्त काढून साध्या नळीत तसंच ठेवलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण पाच ते सात टक्के. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमधून तीन तासांनी लॅबमध्ये पोचलेल्या नळीत पंधरा टक्के साखर कमी झालेली असू शकते. मशीन ती कमी झालेली साखर अगदी अचूक मोजेल आणि त्या दिवशीचा एलजे चार्ट निर्दोष असेल. फ्लोराइडच्या नळीनं हे बऱ्याच अंशी रोखलं जातं, पण पहिला तासभर तीही कमीच पडते. चार्ट मशीनवर पहारा ठेवतो. नळीवर, नावाच्या चिठ्ठीवर आणि प्रवासावर नाही.

आपल्याकडे एनएबीएलची मान्यता घेतलेल्या लॅबना रोजचे कंट्रोल आणि त्यांच्या नोंदी दाखवाव्याच लागतात, पण ही मान्यता घेणं ऐच्छिक आहे. तेव्हा तुमची साखर, क्रिएटिनिन किंवा कॅल्शियम अगदी सीमेवर आलं आणि त्यावरून आयुष्यभराची गोळी सुरू होणार असेल, तर लॅबला सरळ विचारा, "त्या दिवशीचा आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांचा एलजे चार्ट दाखवता का?" नीट काम करणारी लॅब तो दाखवायला कचरत नाही. तो हातात आला की एकच गोष्ट बघा, ठिपके मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेत की बरेच दिवस एकाच बाजूला बसलेत. एकाच बाजूला असतील तर दुसरी तपासणी त्याच मशीनवर करू नका, दुसऱ्या लॅबमध्ये करा.